बागेत एक मुलगी चालते आहे : एका ओळीची नीट सूचना कशी करायची

आजच्या गप्पा आहेत एका वाक्याच्या. वाक्य अगदी साधं आहे, "बागेत एक मुलगी चालते आहे." या वाक्यानं आमच्या गटाची एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. ती कशी, आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते आज सांगतो.

आमचा गट सीताफळाचा गर काढून विकतो. दिवाळीच्या आधी मोबाईलवर पाठवायला आठ सेकंदांची एक छोटी चित्रफीत हवी होती. बागेतून एक मुलगी चालत येते, फळाशी थांबते, एवढंच दाखवायचं होतं. पण आपल्या लेकीचा चेहरा शंभर अनोळखी मोबाईलांत फिरावा, असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. तेव्हा गटातल्या एका ताईंची कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली, "काकू, लिहून दिलं की चित्रफीत बनवून देणारी अ‍ॅप आली आहेत. खऱ्या मुलीची गरजच नाही." आपण जे लिहून द्यायचं त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. आपण त्याला सूचना म्हणू.

आम्ही सूचना लिहिली, "बागेत एक मुलगी चालते आहे." दोनएक मिनिटांत चित्रफीत आली. कापलेली हिरवळ, लोखंडी बाकडं, गुलाबांचे ताटवे, आणि पांढरा झुळझुळीत फ्रॉक घातलेली, भुऱ्या केसांची एक मुलगी. आमच्यातली एक आठ वर्षांची पोर मांडीवर बसून बघत होती. तिनं विचारलं, "आई, ही कोण?" आम्हाला उत्तर देता येईना. पुन्हा तेच वाक्य दिलं. मुलगी बदलली, फ्रॉकचा रंग बदलला, पण बाग तीच शहरातली. चार वेळा असं झालं आणि त्या दिवसाच्या फुकटच्या खेपा संपल्या. पुढच्या प्रत्येक खेपेला पैसे पडणार होते.

यंत्र असं का करतं?

हे यंत्र शिकतं कसं, ते आधी समजून घेऊ. त्याला जगभरातली असंख्य चित्रं आणि चित्रफिती दाखवलेल्या असतात, आणि प्रत्येकीबरोबर त्यात काय आहे त्याचे शब्द दिलेले असतात. "बाग" या शब्दाबरोबर त्यानं सगळ्यात जास्त वेळा जे पाहिलं, ते ते काढतं. आपली वाडी, आपलं शिवार त्याच्या पाहण्यात फार थोडं आलेलं असतं. म्हणून आपण जे सांगत नाही, ते यंत्र नेहमीच्या सवयीनं भरून टाकतं.

शिंपीणबाईकडे कापड टाकून नुसतं "ब्लाऊज शिवा" म्हटलं, तर ती काय करील? गळा, बाही, उंची काहीच सांगितलं नाही, तर तिच्या हाताला बसलेल्या मापानं शिवील. ब्लाऊज होईल, पण आपल्या अंगाला बसणार नाही. चूक तिची नाही, मापं आपण दिली नाहीत. आमच्या वाक्यातही तसंच झालं होतं. त्यात तीनच शब्द कामाचे होते, बाग, मुलगी आणि चालणं. तिन्हींची मापं द्यायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही वही घेऊन बसलो आणि एकेक शब्द घेतला.

कुठली बाग?

आपल्या मराठीत "बाग" म्हणजे किती काय काय! नाशिककडे म्हटलं तर द्राक्षाची, जळगावकडे केळीची, कोकणात आंब्याची, आणि मुंबईच्या माणसाला म्हटलं तर झोपाळे-घसरगुंडीची. इंग्रजीत मात्र शोभेच्या बागेला `garden` आणि फळबागेला `orchard` असे वेगळे शब्द आहेत. बरीच अ‍ॅप मराठी सूचना घेतात, पण ती इंग्रजीवर जास्त शिकलेली असल्यामुळे काहीजणी इंग्रजीत भाषांतर करून देतात. तसं केलंत तर हा एक शब्द आधी तपासा. भाषांतरात `garden` आलं, की बाकडं आणि गुलाब परत आलेच.

आम्ही लिहिलं : सीताफळाची बाग, साताआठ फुटांची झाडं ओळीत, ओळींमध्ये तांबूस मातीची पायवाट, कडेला पावसानंतरचं गुडघाभर गवत, मागे बुटकी टेकडी. ऑक्टोबर महिना.

तरीही पुढच्या खेपेत काय आलं, तर झाडाखाली नारिंगी भोपळे! आम्ही हसून हसून दमलो. मग कॉलेजातल्या मुलीनं सांगितलं, की उत्तरेत हिंदी बोलणारे बरेच लोक भोपळ्याला "सीताफल" म्हणतात. यंत्राची तिथेच गल्लत झाली असणार. नुसतं नाव पुरत नाही, हा धडा मिळाला. तेव्हा फळाचं शास्त्रीय नाव `Annona squamosa` लिहिलं आणि पुढे फळ दिसतं कसं, तेही लिहिलं.

इथे आणखी एका चुकीतून वाचलो. फळ काढणीला आलं, की आपण म्हणतो "सीताफळानं डोळे उघडले". आमच्या एका मावशींनी तेच लिहिलं होतं. पण यंत्रानं ते शब्दशः घेतलं असतं, तर फळाला माणसाचे डोळे फुटले असते! म्हणून डोळ्यांना दिसतं तेच लिहिलं : मुठीएवढं गोल, फिकट हिरवं फळ, अंगावर फुगीर खवले, आणि खवल्यांमधल्या रेघा पिवळसर पांढऱ्या. जाणत्या गिऱ्हाइकाला त्या पिवळसर रेघेवरूनच कळतं, की फळ वेळेवर काढलंय.

कशी मुलगी?

मुलीबद्दल आम्ही पहिल्यांदा लिहिलं होतं, "गोड, साधी, कष्टाळू मुलगी". मग वाचून बघितलं. गोड म्हणजे नेमकं काय काढायचं? कष्टाळूपणा चित्रात कुठे दिसतो? हे शब्द आपल्या मनातले आहेत. यंत्राला कॅमेऱ्यासमोर उभं राहून दिसेल तेच सांगावं लागतं. "गोड" खोडून लिहिलं : दहा वर्षांची, गव्हाळ-सावळी, तेल लावून घातलेल्या दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी वर दुमडून बांधलेल्या. गडद गुलाबी रंगाचा साधा सुती सलवार-कमीज, पायात रबरी चपला.

गुलाबी रंग मुद्दाम घेतला. सगळी बाग हिरवी, त्यात हिरवा किंवा पोपटी कपडा हरवून जातो. कापडावर चौकडी किंवा बारीक बुट्टी मुद्दाम टाळली. माणूस हलायला लागला, की यंत्राला बारीक नक्षी बऱ्याचदा सांभाळता येत नाही. ती लुकलुकते, मधेच बदलते. एकरंगी कापड टिकतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. काही अ‍ॅप लहान मुलांची चित्रफीत बनवायला नकार देतात. मुलांच्या चित्रांचा गैरवापर होऊ नये म्हणून तो नियम असतो. तसं झालं तर पळवाट शोधत बसू नका. मुलीच्या जागी मोठी बाई घ्या, किंवा नुसते फळाकडे जाणारे हात दाखवा. आणि गावातल्या खऱ्या मुलीचा फोटो तिच्या आईवडिलांना न विचारता अशा अ‍ॅपमध्ये कधीही घालू नका.

किती चालणार?

सगळ्यात मोठी चूक इथे होते. आमच्या वहीत असं होतं : मुलगी चालत येते, फळ तोडते, वास घेते, आईला देते, दोघी हसतात. वाचायला किती छान! पण चित्रफीत आठ सेकंदांची. मग आम्ही अंगणात करूनच बघितलं. एकजण मोबाईलवर सेकंद मोजत उभी, आणि एका मुलीला सगळं करायला लावलं. पंचवीस सेकंद लागले.

पंचवीस सेकंदांचं काम आठ सेकंदांत सांगितलं, तर यंत्र काहीतरी गाळतं, नाहीतर घाई करतं. मुलगी धावल्यासारखी चालते, फळ तोडायच्या आधीच हातात येतं, आई कुठून उगवते ते कळत नाही. म्हणून आम्ही कापत गेलो. ती मुलगी रमतगमत चालली, तर पाच सेकंदांत आठनऊ पावलं टाकत होती, म्हणजे साधारण चार मीटर. एका सीताफळाच्या झाडापासून पुढच्या झाडापर्यंत तेवढंच अंतर असतं! मग ठरलं : पाच सेकंद चालणं, एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत. उरलेल्या तीन सेकंदांत थांबणं आणि फळाला हात लावणं. बस्स. आई आणि हसणं दुसऱ्या चित्रफितीला ठेवलं.

तुम्हीही हे करा. सूचना लिहिण्याआधी अंगणात एकदा ते करून, घड्याळ लावून बघा. पैसे पडण्याआधी चूक तिथेच सापडते.

बघणारी कुठे उभी आहे?

आता कॅमेरा. आम्हाला हे शब्द अवघड वाटले होते, पण प्रश्न सोपा आहे : आपण कुठे उभं राहून बघतोय? लांबून बघितलं तर बाग दिसते, पण फळ दिसत नाही. अगदी जवळून बघितलं तर फळ दिसतं, पण बाग जाते. आम्ही आधी "चेहरा जवळून आणि सगळी बाग" असं दोन्ही लिहिलं होतं. दोन्ही एकदम होत नाही, आणि यंत्र आपल्या मनानं एक निवडतं. आम्ही मधलं अंतर घेतलं, मुलगी गुडघ्यापासून वर दिसेल इतकं.

कॅमेऱ्याची हालचालही एकच ठेवायची. तो मुलीच्या बाजूनं, तिच्याच चालीनं सरकतो, आणि ती थांबली की थांबतो. वर जाणं, गोल फिरणं, जवळ जाणं असं सगळं एकत्र सांगितलं, की चित्र डुगडुगतं. उजेडाचंही तसंच. "छान उजेड" म्हणून भागत नाही. वेळ सांगायची आणि उजेड कुठल्या बाजूनं येतो ते सांगायचं.

आवाज, आकार आणि नको ते

मोबाईल उभा धरून बघायचं, तर आकार उभा हवा. तो बहुतेक अ‍ॅपमध्ये बटणातून निवडायचा असतो, तिथे `9:16` असं लिहिलेलं दिसतं. किती सेकंद, तेही तसंच निवडायचं. काही अ‍ॅप आवाजही तयार करतात. आम्हाला वरून आमचंच बोलणं घालायचं होतं, म्हणून फक्त पावलांचा आणि पाखरांचा आवाज मागितला.

गटाचं नाव चित्रातच लिहून मागू नका. देवनागरी अक्षरं बऱ्याचदा मोडतात, काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. नाव नंतर मोबाईलवरच्या साध्या जोडकामाच्या अ‍ॅपमध्ये घाला.

आणि "बाकडं नको, गुलाब नकोत" असं सूचनेत लिहू नका. बऱ्याचदा यंत्र "नको" सोडतं आणि बाकडं धरतं. त्याऐवजी तिथे काय हवं ते लिहा. "मोकळी मातीची पायवाट" लिहिलं, की बाकड्याला जागाच उरत नाही. काही अ‍ॅपमध्ये नको असलेल्या गोष्टींचा वेगळा रकाना असतो. तिथे मात्र नुसती नावं लिहायची, बाकडं, गुलाब, भोपळा.

पूर्ण सूचना

हे सगळं जोडून आमची सूचना अशी झाली. सावकाश वाचतो, लिहून घ्या.

"महाराष्ट्रातल्या खेड्यातली सीताफळाची (`Annona squamosa`) फळबाग. साताआठ फुटांची झाडं ओळीत, मध्ये मोकळी तांबूस मातीची पायवाट, कडेला गुडघाभर हिरवं गवत, मागे बुटकी टेकडी. ऑक्टोबरची सकाळ, सूर्य उगवून अर्धा तास झालेला, कोवळं ऊन मुलीच्या पाठीमागून येतं. दहा वर्षांची गव्हाळ-सावळी मुलगी, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, गडद गुलाबी एकरंगी सुती सलवार-कमीज, रबरी चपला. पहिले पाच सेकंद ती डावीकडून उजवीकडे रमतगमत चालते, एका झाडापासून पुढच्या झाडापर्यंत. मग थांबते आणि हनुवटीच्या उंचीवर लटकलेल्या एका फळाला उजव्या हाताच्या बोटांनी अलगद स्पर्श करते. फळ मुठीएवढं, गोल, फिकट हिरवं, फुगीर खवल्यांचं, खवल्यांमधल्या रेघा पिवळसर पांढऱ्या. कॅमेरा मुलीच्या छातीच्या उंचीवर, बाजूनं, ती गुडघ्यापासून वर दिसेल इतक्या अंतरावर. तिच्याच चालीनं सरकतो, ती थांबल्यावर थांबतो. खऱ्या चित्रीकरणासारखं, नैसर्गिक रंग. आवाज : मातीवर पावलांचा, पाखरांचा."

बघा, यात "सुंदर" शब्द एकदाही नाही. क्रमही बघा : जागा, वेळ, माणूस, काम, फळ, कॅमेरा, आवाज. तुमचा विषय दुसरा असला, तरी याच क्रमानं लिहिलं की काही सुटत नाही.

आल्यावर तपासायचं कसं?

पूर्ण सूचना देऊनही पहिल्या खेपेत सगळं बरोबर आलं नाही. आधी आम्ही "फळ हातात धरते" लिहिलं होतं, तेव्हा बोटं फळातच मिसळून गेली. म्हणून "बोटांनी अलगद स्पर्श करते" असं केलं आणि ते जमलं. त्या वेळी बाकी एक अक्षरही बदललं नाही. एका खेपेत चार गोष्टी बदलल्या, तर कशामुळे सुधारलं आणि कशामुळे बिघडलं ते कळत नाही. भाजीत मीठ, तिखट, चिंच, गूळ एकदम घातलं, की काय जास्त झालं ते सांगता येत नाही, तसंच हे. वहीत खेप क्रमांक आणि बदललेला एक शब्द लिहून ठेवा.

आलेली चित्रफीत तीनदा बघा. एकदा फक्त हात, बोटं पाच आहेत का. एकदा फक्त पाय, चपला टिकतात का, पावलं घसरल्यासारखी वाटतात का. एकदा फक्त मागचं, झाडं जागच्या जागी राहतात का. पहिल्या नजरेत आपण चेहराच बघतो आणि बाकीचं निसटतं.

दुसरी चित्रफीत करायची असेल, तर मुलीचं वर्णन शब्दाला शब्द तेच ठेवा. तरीही चेहरा थोडा बदलतो. अ‍ॅपमध्ये सोय असेल, तर पहिल्या चित्रफितीतलं एक चित्र सुरुवातीला द्या, म्हणजे फरक कमी पडतो.

शेवटी एक गोष्ट आम्ही गटाच्या बैठकीत ठरवली. ही मुलगी खरी नाही आणि ही बागही आमची नाही. म्हणून चित्रफितीखाली "हे दृश्य यंत्रानं बनवलेलं आहे" असं लिहितो. गराचा डबा, त्याचा रंग, आमचे हात, हे मात्र खऱ्या फोटोतच दाखवतो, कारण गिऱ्हाईक पैसे त्या डब्याचे देतं. यंत्रानं काढलेला पांढराशुभ्र गर दाखवला आणि घरी डबा उघडल्यावर वेगळाच निघाला, तर ते पुन्हा आपल्याकडे येणार नाही.

त्या आठ वर्षांच्या पोरीला शेवटची चित्रफीत दाखवली. ती बघत राहिली आणि म्हणाली, "हिची रिबीन माझ्यासारखीच आहे." आम्ही तीच पाठवली.

येत्या बैठकीत तुम्ही एक वाक्य घ्या, "एक बाई स्वयंपाक करते आहे." कुठली बाई, कुठली चूल, काय शिजतंय, किती वाजलेत, आपण कुठून बघतोय, हे वहीत लिहा, आणि आठ सेकंदांत काय मावतं ते घड्याळ लावून बघा. लिहिलेलं आम्हाला पाठवा, पुढच्या गप्पांत वाचून दाखवू. नमस्कार.